सूडापोटी गुणकपात

सूडापोटी गुणकपात म्हणजे विद्यार्थ्याने शिक्षकाविरुद्ध किंवा संस्थेविरुद्ध तक्रार केल्यामुळे, त्या तक्रारीची शिक्षा म्हणून, संबंधित शिक्षकाने त्याला कामगिरीपेक्षा कमी गुण देणे, गुण रोखून ठेवणे किंवा अनुत्तीर्ण करणे. हा प्रकार सामान्य पक्षपातापेक्षा वेगळा आहे. पक्षपातात शिक्षकाचे मत विद्यार्थ्याची जात, लिंग, भाषा किंवा ओळख पाहून बनलेले असते. सूडापोटी केलेल्या गुणकपातीत मात्र एक ठरावीक घटना, म्हणजे तक्रार, आधी घडलेली असते आणि तिच्या नंतर गुण बदलतात. काळाचा हा क्रम शोधता येतो. त्यामुळे शिक्षकाच्या मनात काय होते हे सिद्ध न करताही अशी प्रकरणे तपासता येतात.

या लेखात प्रामुख्याने भारतातील, त्यातही महाराष्ट्रातील महाविद्यालयीन शिक्षणातील अंतर्गत मूल्यमापनाचा विचार केला आहे. सूड घेण्याची सर्वाधिक संधी तेथेच असते.

## सूड कोणत्या गुणांतून घेतला जातो

विद्यापीठाच्या लेखी परीक्षेतून सूड घेणे शिक्षकाला अवघड जाते. उत्तरपत्रिकेवर नाव नसते, आसनक्रमांक झाकलेला असतो किंवा त्याच्या जागी सांकेतिक क्रमांक असतो, आणि परीक्षक बहुधा दुसऱ्या महाविद्यालयातील असतो. उत्तरपत्रिका जपून ठेवली जाते, तिची छायाप्रत मागता येते आणि पुनर्मूल्यांकनासाठी अर्ज करता येतो.

अंतर्गत गुणांचे तसे नसते. शिकवणारा, काम तपासणारा आणि गुण भरणारा माणूस एकच असतो, आणि तो विद्यार्थ्याला नावानिशी ओळखतो. मुंबई विद्यापीठाच्या अभियांत्रिकी अभ्यासक्रमात अनेक वर्षे एका विषयाची विभागणी साधारणपणे अशी राहिली आहे: सत्रान्त लेखी परीक्षेला ८० गुण, अंतर्गत चाचण्यांना २०, टर्म वर्कला २५ आणि तोंडी किंवा प्रात्यक्षिक परीक्षेला २५. यांपैकी टर्म वर्कचे २५ गुण पूर्णपणे विषयशिक्षकाच्या हातात असतात. जर्नल, असाइनमेंट आणि उपस्थिती यांचा मिळून तो एक आकडा ठरवतो. तोंडी परीक्षेला बाह्य परीक्षक असतो, परंतु अंतर्गत परीक्षक बहुतेक वेळा तोच विषयशिक्षक असतो. दोघे परीक्षक शेजारी बसतात आणि एका विद्यार्थ्याची व्हायवा काही मिनिटांत संपते. विद्यार्थ्याने कोणत्या प्रश्नाला काय उत्तर दिले याची कोणतीही नोंद राहत नाही.

लेखी परीक्षेचे पुनर्मूल्यांकन उपलब्ध असले, तरी टर्म वर्क, व्हायवा आणि प्रात्यक्षिक यांना ती सोय साधारणपणे नसते. याचा परिणाम असा की, ज्या गुणांवर शिक्षकाचे नियंत्रण सर्वाधिक आहे, नेमके तेच गुण फेरतपासणीच्या बाहेर राहतात. 'सबमिशनच्या वेळी बघतो' किंवा 'टर्म वर्क माझ्याच हातात आहे' अशा वाक्यांचे वजन यातून येते. अशी धमकी प्रत्यक्षात आणावीच लागत नाही. ती ऐकून वर्गातील इतर विद्यार्थी तक्रारीवर सही करायचे टाळतात, आणि बहुतेक ठिकाणी तेवढेच पुरेसे ठरते.

गुणकपातीची रूपेही ठरलेली आहेत. जर्नल वेळेवर तपासले जात नाही, त्यामुळे ते प्रमाणित होत नाही. प्रमाणित जर्नल नसेल तर प्रात्यक्षिक परीक्षेला बसू दिले जात नाही. उपस्थितीच्या हिशोबात वैद्यकीय रजा किंवा महाविद्यालयाच्याच कार्यक्रमातील सहभाग धरला जात नाही आणि विद्यार्थ्याचे नाव डिफॉल्टर यादीत येते. किंवा थेट गुणच कमी दिले जातात. या शेवटच्या प्रकारात चतुर शिक्षक विद्यार्थ्याला क्वचितच नापास करतो. उत्तीर्ण होण्यासाठी २५ पैकी १० गुण लागत असतील, तर तो ११ देतो. केटी लागली नाही की प्रकरण कोणाच्या नजरेत येत नाही. पण इतरांना २१-२२ मिळालेले असताना हा दहा गुणांचा फरक एकूण श्रेणीत उतरतो, आणि कॅम्पस मुलाखतीच्या किमान गुणांच्या अटीत किंवा शिष्यवृत्तीत त्याची किंमत मोजावी लागते.

## न्यायालये गुणांमध्ये का शिरत नाहीत

सूडाची शंका असलेला विद्यार्थी स्वाभाविकपणे म्हणतो की, 'माझे काम चांगले होते, मला जास्त गुण हवे होते.' तक्रारीची ही सर्वांत दुबळी मांडणी आहे. भारतीय न्यायालयांनी उत्तराचा दर्जा ठरवण्याचे काम सातत्याने परीक्षकांवर सोडले आहे.

या विषयातील मूलभूत निकाल महाराष्ट्रातूनच आलेला आहे. राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाच्या नियमांनुसार उत्तरपत्रिका पाहण्यास आणि पुनर्मूल्यांकनास मनाई होती. मुंबई उच्च न्यायालयाने हे नियम रद्द ठरवले. मात्र परितोष भूपेशकुमार शेठ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये तो निर्णय फिरवला आणि नियम वैध मानले. शैक्षणिक बाबींत प्रत्यक्ष काम करणाऱ्या तज्ज्ञांच्या मताच्या जागी न्यायालयाने आपले मत ठेवू नये, ही त्या निकालातील भूमिका आजही उद्धृत केली जाते.

२०११ मध्ये चित्र अंशतः बदलले. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळ विरुद्ध आदित्य बंदोपाध्याय या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तपासलेली उत्तरपत्रिका ही माहितीच्या अधिकाराच्या कायद्याखालील 'माहिती' असल्याचे सांगितले आणि परीक्षार्थ्याला ती पाहण्याचा व तिची प्रत घेण्याचा हक्क मान्य केला. त्याच निकालाने परीक्षकाचे नाव उघड करण्यापासून संरक्षणही दिले. हा हक्क उत्तरपत्रिका जपून ठेवण्याची मुदत संपेपर्यंतच टिकतो, हेही न्यायालयाने स्पष्ट केले. म्हणजे गुण बदलून घेण्याचा हक्क मिळाला नाही, पण गुणांमागची नोंद पाहण्याचा हक्क मिळाला. सूडाच्या प्रकरणांत हा फरक निर्णायक असतो.

नोंदच नसेल तर काय होते, याचा विचार त्याआधी १९८० मध्ये अजय हसिया प्रकरणात झाला होता. श्रीनगरच्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयात प्रवेशासाठी लेखी परीक्षेला १०० आणि मुलाखतीला ५० गुण होते. मुलाखती प्रत्येकी दोन-तीन मिनिटांच्या होत्या, आणि लेखी परीक्षेत मागे असलेले काही उमेदवार मुलाखतीच्या गुणांवर पुढे गेले. मुलाखतीला एकूण गुणांच्या एकतृतीयांश इतके वजन देणे मनमानीचे आहे, असे न्यायालयाने म्हटले आणि १५ टक्क्यांहून अधिक वजन अवाजवी ठरवले. मुलाखतींचे ध्वनिमुद्रण करावे, अशी सूचनाही निकालात आहे. ही सूचना प्रवेशाच्या मुलाखतींपुरती होती. महाविद्यालयीन व्हायवांचे ध्वनिमुद्रण चार दशकांनंतरही अपवादानेच होते.

तिसरे तत्त्व प्रशासकीय कायद्यातून येते. १९६९ च्या ए. के. क्रायपाक प्रकरणात भारतीय वनसेवेच्या निवड मंडळावर असा एक अधिकारी बसला होता, जो स्वतःही त्याच निवडीतील उमेदवार होता. त्याच्या स्वतःच्या नावावर विचार होताना तो बाहेर गेला, पण प्रतिस्पर्ध्यांच्या मूल्यमापनात त्याने भाग घेतला. न्यायालयाने निवड रद्द केली आणि सांगितले की, प्रत्यक्ष पूर्वग्रह सिद्ध करणे आवश्यक नाही, पूर्वग्रहाची वाजवी शक्यता पुरेशी आहे. विद्यार्थ्याच्या दृष्टीने याचा अर्थ असा की, ज्याच्याविरुद्ध तक्रार प्रलंबित आहे त्यानेच तक्रारदाराचे गुण ठरवले, ही वस्तुस्थितीच मुळात आक्षेपार्ह आहे. गुण किती दिले हा प्रश्न त्यानंतरचा. या तत्त्वाला एक मर्यादा आहे. तो विषय शिकवणारा दुसरा कोणीच उपलब्ध नसेल, तर संस्था अपरिहार्यतेचे कारण पुढे करू शकते. तथापि शेजारच्या महाविद्यालयातून परीक्षक बोलावणे शक्य असताना हे कारण फारसे टिकू नये.

## सूड कसा ओळखला जातो

चौकशी करणाऱ्यासमोर तीन प्रश्न असतात. विद्यार्थ्याने तक्रार केली होती काय, आणि शिक्षकाला ती गुण देण्यापूर्वी माहीत होती काय? त्यानंतर त्याचे गुण प्रतिकूल झाले काय? आणि तक्रारीखेरीज त्या बदलाचे दुसरे पटण्याजोगे कारण आहे काय? पहिल्या प्रश्नाकडे अनेकदा दुर्लक्ष होते. शिक्षकाला तक्रारीची कल्पनाच नसेल तर सूड संभवत नाही. म्हणून तक्रार कधी दिली, कोणाकडे दिली, आवक क्रमांक काय आणि विभागप्रमुखाने ती शिक्षकाला कधी दाखवली, या तारखा सर्वांत महत्त्वाच्या ठरतात. तोंडी केलेली तक्रार येथे जवळजवळ निरुपयोगी असते.

पुढील उदाहरण काल्पनिक आहे, पण त्यातील गणित प्रत्यक्ष प्रकरणांत वापरता येते.

तिसऱ्या वर्षाच्या एका वर्गात प्रयोगशाळेच्या एका विषयाला २५ गुणांचे टर्म वर्क आहे. सत्राच्या सुरुवातीला जाहीर झालेली विभागणी जर्नलला १५, असाइनमेंटला ५ आणि उपस्थितीला ५ अशी आहे. जर्नलमध्ये दहा प्रयोग असून प्रत्येक प्रयोग तपासताना त्याच पानावर १५ पैकी गुण, सही आणि तारीख घालण्याची पद्धत आहे. दहाही प्रयोगांची सरासरी काढून जर्नलचे गुण ठरतात. सहा प्रयोग झाल्यावर चार विद्यार्थ्यांनी विभागप्रमुखांकडे लेखी तक्रार केली की, शिक्षक तासिका अर्ध्यावर सोडतात आणि न घेतलेल्या तासिकांची नोंद पूर्ण घेतल्याची करतात. पहिली सही एका विद्यार्थिनीची होती. सत्र संपल्यावर तिला टर्म वर्कमध्ये ११ गुण मिळाले. तुकडीतील बहुतेकांना १८ ते २३ मिळाले होते.

तिचे काम चांगले होते की नाही, या वादात न पडता हा आकडा तपासता येतो. उपस्थितीपटानुसार तिची उपस्थिती ८८ टक्के होती आणि जाहीर कोष्टकात त्याला पूर्ण ५ गुण आहेत. असाइनमेंटवर शिक्षकाच्याच हातचे ५ पैकी ४ गुण आहेत. दोन्ही मिळून ९ झाले. मग एकूण ११ होण्यासाठी जर्नलला १५ पैकी फक्त २ गुण मिळालेले असले पाहिजेत. परंतु तक्रारीपूर्वी तपासलेल्या सहा प्रयोगांवर त्याच शिक्षकाने सरासरी १२ गुण घातलेले आहेत. उरलेल्या चार प्रयोगांवर सही आहे, गुण नाहीत. त्या चारही प्रयोगांना शून्य धरले तरी सहा गुणिले बारा म्हणजे ७२, भागिले दहा, म्हणजे जर्नलचे ७.२ गुण होतात. एकूण किमान १६ येतात. शिक्षकाच्या स्वतःच्या नोंदींतून ११ हा आकडा कोणत्याही मार्गाने निघत नाही.

या मांडणीचे बळ असे की, तिला कोणत्याही तज्ज्ञाचे मत लागत नाही. शिक्षकाने तक्रारीपूर्वी केलेले मूल्यमापन आणि तक्रारीनंतर भरलेला आकडा, एवढ्या दोनच गोष्टी समोरासमोर ठेवल्या जातात. परितोष प्रकरणातील तत्त्व येथे आडवे येत नाही, कारण शिक्षकाच्या शैक्षणिक मताला कोणी आव्हान दिलेले नसते. उलट ते मत प्रमाण मानूनच विसंगती दाखवलेली असते.

याच उदाहरणात जर्नलच्या पानांवर गुण नसते, केवळ सह्या असत्या आणि शेवटी एकच आकडा भरला गेला असता, तर हा हिशोब करता आला नसता. अनेक महाविद्यालयांत प्रत्यक्षात हेच घडते. सत्राच्या शेवटच्या आठवड्यात जर्नलचा ढीग समोर ठेवून एका बैठकीत सगळ्या पानांवर सह्या केल्या जातात. त्यात सूडबुद्धी नसते, वेळ वाचवणे असते. पण अशा ठिकाणी सूड घेतला गेला तर तो सिद्ध होत नाही, आणि सूड घेतला नसताना आरोप झाला तर प्रामाणिक शिक्षकालाही स्वतःचा बचाव करता येत नाही.

## इतर स्पष्टीकरणे

कमी गुण मिळालेला प्रत्येक तक्रारदार सूडाचा बळी नसतो. तक्रार करणारे विद्यार्थी कधीकधी आधीपासूनच त्या विषयात मागे असतात, आणि मागे असणे हेच तक्रारीचे एक कारण असते. त्यामुळे तक्रारदाराचे गुण वर्गाच्या सरासरीपेक्षा कमी आहेत, एवढ्यावरून काही ठरत नाही. त्याच विद्यार्थ्याचे त्याच शिक्षकाकडील तक्रारीपूर्वीचे गुण ही खरी तुलना होय. ते उपलब्ध नसतील, तर त्याच सत्रातील अन्य विषयांच्या टर्म वर्कचे गुण पाहावे लागतात.

दुसरी तुलना सह्या करणाऱ्यांची आणि न करणाऱ्यांची. वरील उदाहरणात चारही तक्रारदारांना ११ ते १३ च्या दरम्यान गुण मिळाले आणि तुकडीतील दुसऱ्या कोणाला १८ पेक्षा कमी मिळाले नाहीत, तर योगायोगाचे स्पष्टीकरण फारच ताणावे लागते. पण त्या चौघांपैकी तिघांची उपस्थिती ५० टक्क्यांच्या खाली असेल, तर चित्र बदलते आणि केवळ पहिल्या विद्यार्थिनीचे प्रकरण उरते. अंतर्गत गुण साधारणपणे सढळ हाताने दिले जातात आणि बहुतेक आकडे वरच्या टोकाला एकवटलेले असतात. ही सवय शैक्षणिकदृष्ट्या फारशी कौतुकास्पद नाही, मात्र तिच्यामुळे एकट्या पडलेल्या कमी आकड्याचे कारण विचारणे सोपे होते.

तिसरी गोष्ट कारण देण्याच्या वेळेची. उशिरा सादर केल्याबद्दल, नक्कल केल्याबद्दल किंवा वर्तनाबद्दल गुण कापले, असे शिक्षक चौकशीत सांगतो. उशीर खरोखर झाला असेल तर सादर केल्याची तारीख जर्नलवर असते. नक्कल आढळली असेल तर त्याच वेळी दोन्ही विद्यार्थ्यांचे गुण कापलेले असतात. हे कारण तक्रारीनंतर प्रथमच पुढे आले आणि त्याची आधीची कोणतीही खूण नसली, तर समिती त्याला कमी वजन देते. 'वर्तन' हा निकष जाहीर विभागणीत नसेल तर त्यासाठी गुण कापण्याचा अधिकारच शिक्षकाला नसतो. शिस्तभंगाची कार्यवाही हा वेगळा मार्ग आहे आणि तिची वेगळी प्रक्रिया असते.

## तक्रारीचा मार्ग

विद्यापीठ अनुदान आयोगाने विद्यार्थ्यांच्या तक्रारींच्या निवारणासाठी २०१२ व २०१९ मध्ये विनियम केले होते. त्यांची जागा एप्रिल २०२३ मधील विनियमांनी घेतली. त्यांनुसार मूल्यमापनातील अपारदर्शक किंवा अन्याय्य पद्धती आणि विद्यार्थ्यांचा छळ या दोन्ही बाबी 'तक्रार' या संज्ञेत येतात. सूडापोटी केलेली गुणकपात दोन्हींत बसते.

प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती असणे बंधनकारक आहे. प्राध्यापक तिचा अध्यक्ष असतो, चार ज्येष्ठ शिक्षक सदस्य असतात आणि एक विद्यार्थी प्रतिनिधी विशेष निमंत्रित असतो. अध्यक्ष किंवा सदस्यांपैकी किमान एक महिला आणि किमान एक व्यक्ती अनुसूचित जाती, जमाती किंवा इतर मागासवर्गातील असावी लागते. संकेतस्थळावरून आलेली तक्रार संस्थेने १५ दिवसांत समितीकडे पाठवायची असते आणि समितीने शक्यतो १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. निर्णय मान्य नसल्यास विद्यार्थी १५ दिवसांच्या आत विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील करू शकतो. संलग्न महाविद्यालयातील विद्यार्थ्यांसाठीही विद्यापीठाचाच लोकपाल असतो.

लोकपालाच्या अधिकारांना एक अट जोडलेली आहे आणि ती समजून घेणे गरजेचे आहे. उत्तरपत्रिकेच्या पुनर्मूल्यांकनाचा किंवा फेरगुणदानाचा अर्ज लोकपाल ऐकत नाही. निकालावर परिणाम करणारी विशिष्ट अनियमितता किंवा भेदभावाचे विशिष्ट उदाहरण दाखवले असेल, तरच तो ऐकला जातो. म्हणून 'माझे गुण वाढवून द्यावेत' अशी विनंती केलेला अर्ज फेटाळला जाण्याची शक्यता मोठी असते. 'अमुक तारखेच्या तक्रारीनंतर त्याच शिक्षकाने मूल्यमापन केले, त्याच्या स्वतःच्या नोंदींशी भरलेला आकडा जुळत नाही, सबब अन्य शिक्षकाकडून जर्नलचे नव्याने मूल्यमापन व्हावे' असा अर्ज या अटीत बसतो. खोटी किंवा क्षुल्लक तक्रार केल्यास तक्रारदारावर कार्यवाहीची शिफारस करण्याचा अधिकारही लोकपालाला आहे.

माहितीच्या अधिकाराखाली स्वतःचे मूल्यांकन केलेले जर्नल, उपस्थितीपट आणि गुणविभागणीचे कोष्टक यांच्या प्रती मागता येतात. इतर विद्यार्थ्यांचे गुण ही त्यांची वैयक्तिक माहिती असल्याने ते नावानिशी मिळत नाहीत. मात्र नावे आणि आसनक्रमांक वगळून केवळ आकड्यांची यादी मागता येते, आणि तुलनेसाठी तेवढी पुरते. अडचण वेळेची आहे. माहिती देण्याची मुदत ३० दिवसांची असते, तर समितीचे काम त्याआधी संपणे अपेक्षित असते. त्यामुळे जाणकार विद्यार्थी दोन्ही अर्ज एकाच वेळी करतात आणि समितीने हे कागद स्वतः मागवून ताब्यात घ्यावेत, अशी विनंती तक्रारीतच लिहितात. जर्नल निकालानंतर विद्यार्थ्याला परत दिले जाते किंवा रद्दीत जाते. ते हातात असताना प्रत्येक पानाचे तारखेसह छायाचित्र काढून ठेवणे हा सर्वांत स्वस्त पुरावा आहे.

मूळ तक्रार लैंगिक छळाची असेल, तर वेगळी व्यवस्था लागू होते. आयोगाच्या २०१५ च्या विनियमांनुसार अंतर्गत समिती चौकशी चालू असतानाच अंतरिम उपाय सुचवू शकते. त्यांत, ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला तक्रारदाराच्या कामाचे, चाचण्यांचे किंवा परीक्षांचे मूल्यमापन करण्यास मनाई करणे याचा स्पष्ट उल्लेख आहे. सूड घडण्यापूर्वीच त्याची वाट बंद करणारी ही तरतूद आहे. इतर प्रकारच्या तक्रारींसाठीही अशी तरतूद याच स्पष्टतेने असती, तर वर वर्णन केलेला बराचसा हिशोब करण्याची वेळच आली नसती.

## दुरुस्तीचे स्वरूप

सूड सिद्ध झाल्यावर गुणांचे काय करायचे, हा स्वतंत्र प्रश्न आहे. समितीने अंदाजाने गुण वाढवणे अयोग्य मानले जाते, कारण समितीने काम तपासलेले नसते. मान्य पद्धत अशी की, त्या विषयाच्या दुसऱ्या शिक्षकाकडे जर्नल व असाइनमेंट देऊन नव्याने मूल्यमापन करवून घ्यायचे. आधीचे गुण त्याला सांगायचे नाहीत आणि शक्य असल्यास इतर चार-पाच विद्यार्थ्यांची जर्नलेही त्यात मिसळायची. नव्याने आलेले गुण अंतिम धरायचे. जुन्या आणि नव्या गुणांची सरासरी काढणे ही सोयीची तडजोड असली, तरी तिच्यामुळे सूडाचा अर्धा भाग निकालात कायम राहतो.

तोंडी परीक्षेचे पुनर्मूल्यमापन होऊच शकत नाही, कारण तपासायला काही उरलेले नसते. तेथे नव्या परीक्षकांसमोर पुन्हा व्हायवा घेणे एवढाच उपाय असतो. त्यात विद्यार्थ्यावर नव्या परीक्षेचा ताण येतो आणि कधीकधी गुण आणखी घटतात, म्हणून अनेक जण हा पर्याय नाकारतात.

## शालेय स्तर

महाराष्ट्रात दहावीलाही प्रत्येक विषयात २० गुण शाळेच्या हातात असतात. मार्च २०१९ च्या परीक्षेत भाषा व सामाजिक शास्त्रे यांचे अंतर्गत गुण रद्द करण्यात आले होते. त्या वर्षी राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० टक्क्यांवर आला आणि पुढील वर्षापासून हे गुण पुन्हा लागू झाले. अंतर्गत गुणांचा निकालावर किती भार असतो, हे यातून दिसले. शाळेत मात्र सूडाची तक्रार क्वचितच लेखी स्वरूपात पुढे येते. विद्यार्थी अल्पवयीन असतो, तक्रार पालक करतात आणि त्याच शाळेत धाकटे भावंड शिकत असेल तर पालकही थांबतात. शालेय विद्यार्थ्यांसाठी आयोगाच्या विनियमांसारखी समिती किंवा लोकपाल नाही. मुख्याध्यापक आणि त्यानंतर शिक्षणाधिकारी हीच वाट असते.

## अन्य देशांत

अमेरिकेतील न्यायालयेही गुणांच्या बाबतीत हात राखून असतात. १९८५ च्या मिशिगन विद्यापीठ विरुद्ध यूइंग प्रकरणात तेथील सर्वोच्च न्यायालयाने प्राध्यापकवर्गाच्या व्यावसायिक निर्णयाचा मोठा आदर राखला पाहिजे असे म्हटले. मात्र तक्रारीबद्दल सूड घेणे हा तेथे स्वतंत्र गैरप्रकार मानला जातो. २००५ च्या जॅक्सन विरुद्ध बर्मिंगहॅम शिक्षण मंडळ प्रकरणात, लिंगभेदाची तक्रार करणाऱ्यावरील सूड हा शिक्षणसंस्थांतील लिंगभेदाला मनाई करणाऱ्या कायद्याचाच भंग असल्याचा निर्णय झाला. त्या प्रकरणात सूडाचा आरोप करणारा विद्यार्थी नसून मुलींच्या बास्केटबॉल संघाचा प्रशिक्षक होता. विद्यार्थ्यांच्या गुणांबाबतचे दावेही याच चौकटीत मांडले जातात.

इंग्लंड आणि वेल्समध्ये उच्च शिक्षणासाठी स्वतंत्र निवाडा अधिकाऱ्याचे कार्यालय आहे. कायद्याने त्याला 'शैक्षणिक निर्णय' तपासता येत नाही, परंतु प्रक्रिया पाळली गेली का आणि पूर्वग्रहाची शक्यता होती का, हे तपासता येते. तेथील अनेक विद्यापीठांत लेखी कामावर नावाऐवजी क्रमांक घालण्याची पद्धत आहे आणि प्रबंधासारखे मोठे काम दोन शिक्षक तपासतात. प्रयोगशाळेतील काम आणि वर्गातील सादरीकरण यांना ती पद्धत तेथेही लागू करता येत नाही.